सोडलेल्या पर्यायांचा हिशेब

व्हॉट्सॲपवर आलेला निरोप पुढे ढकलायला घेतला, की पाच नावांपुढे खूण करता येते. सहाव्या नावावर बोट ठेवलं की ॲप अडवतं. आता त्याची इतकी सवय झाली आहे, की हे असं का आहे हा प्रश्नही कुणाला पडत नाही. पण ही मर्यादा कुणीतरी, एका विशिष्ट आठवड्यात, बरंच काही पणाला लावून ठरवली होती. त्या निर्णयाचा एक धागा थेट धुळे जिल्ह्यात पोचतो.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत फिरणारे, भटक्या समाजातले पाच जण तिथे जमावाच्या हातून मारले गेले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, या अफवेवरून. त्या महिन्यांत अशाच अफवा देशभर मोबाइलवरून फिरत होत्या आणि ठिकठिकाणी माणसं मरत होती. केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. दहाएक दिवसांत पुढे पाठवलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठी दिसू लागली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीने जाहीर केलं, की भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच चॅटना पाठवता येईल, आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारी असलेलं झटपट फॉरवर्डचं बटण काढून टाकलं जाईल. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली.

आता कल्पना करा, या कामावर असलेला एखादा प्रॉडक्ट मॅनेजर नवी नोकरी शोधतो आहे. रेझ्युमेच्या माथ्यावर चार ओळींचा सारांश लिहायचा असतो, त्यात तो लिहितो: ‘फॉरवर्ड मर्यादा, फॉरवर्डेड लेबल आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या संदेशांसाठी दुहेरी बाण ही फीचर्स यशस्वीपणे लाँच केली.’

यातला शब्द न् शब्द खरा असेल. तरीही वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मर्यादा पाचच का, दहा का नाही? मजकूर तपासून अफवाच का अडवल्या नाहीत? बटण काढल्यावर लोक चिडले का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्याने अफवा थांबल्या का?

हीच कहाणी निर्णयाच्या बाजूने सांगून पाहू. व्हॉट्सॲपवरचे निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतात. मधल्या मध्ये कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. त्यामुळे ‘हा मजकूर खोटा आहे, अडवा’ ही वाट जवळपास बंद होती. ती उघडायची तर कुलूपच काढावं लागलं असतं, आणि त्या कुलपावर विसंबून असलेल्या सगळ्यांचा विश्वास गेला असता. फॉरवर्डची सोयच काढून टाकली असती, तर लग्नाची पत्रिका आणि शाळेची सूचनाही अडली असती. राहिली ती तिसरी वाट: मजकुराला हात न लावता त्याचा वेग कमी करायचा. तीही फुकट नव्हती. भारतात जितकं फॉरवर्ड होतं तितकं जगात कुठेच होत नाही, हे कंपनीनेच त्या वेळी सांगितलं होतं. म्हणजे जिथे वापर सर्वाधिक, तिथेच तो स्वतःहून कापायचा होता.

निकालाचे आकडेही जाहीर आहेत. मर्यादेनंतर जगभरातली फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटली, असं कंपनीने सांगितलं. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवा फिरत असताना, पाच किंवा अधिक वेळा हात बदललेला निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं ठरलं. त्याच महिन्याच्या अखेरीस असे ‘फार फिरलेले’ निरोप ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं जाहीर झालं.

पण इथे जरा थांबायला हवं. हे आकडे फॉरवर्ड किती झाली ते मोजतात. अफवांवर विश्वास किती जणांनी ठेवला, ते मोजत नाहीत. शिवाय त्या काळी एका ग्रुपमध्ये २५६ जण मावत. म्हणजे पाच ग्रुप निवडले तर एका झटक्यात १,२८० जणांपर्यंत पोचायची सोय शिल्लक होतीच. ब्राझीलमधल्या संशोधकांनी या मर्यादांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं, की मर्यादेमुळे निरोप पसरायला बराच जास्त वेळ लागतो, पण खूप संसर्गजन्य मजकूर अखेर पोचतोच. ज्या प्रॉडक्ट मॅनेजरला ही कसर ठाऊक आहे आणि जो ती लिहितो, त्याने कामाचा विचार केला होता हे कळतं. त्याचा सारांश असा होऊ शकतो: ‘मजकूर वाचता येत नसल्याने अफवांचा वेग कमी करण्याचा पर्याय निवडला, सर्वाधिक फॉरवर्ड होणाऱ्या देशात वापर घटेल हे मान्य केलं, फॉरवर्ड एक चतुर्थांशाने घटली, अफवेचा प्रसार लांबला, पूर्ण थांबला नाही.’ पहिल्या सारांशापेक्षा हा फार लांबही नाही.

हा व्यवसाय काय आहे, ते दोन शब्दांत सांगायला हवं, कारण घरातली मुलगी ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ झाली म्हणजे नेमकं काय करते हे आईवडिलांना सांगताना पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत अडखळायला होतं. ती कोड लिहीत नाही. ते इंजिनिअर लिहितात. पडदा कसा दिसेल ते डिझायनर ठरवतो, विक्री विक्रीवाले करतात. कोणती अडचण आधी सोडवायची, कोणती सोडून द्यायची आणि सोडवली हे कशावरून म्हणायचं, ते ठरवण्याची जबाबदारी तिची. या कामाचं मूळ बहुतेक जण साबणाच्या कारखान्यात शोधतात. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत ‘कॅमे’ साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुणाने वरिष्ठांना तीन पानांचं टिपण लिहिलं. कंपनीचाच ‘आयव्हरी’ साबण ‘कॅमे’ला झाकोळून टाकत होता, म्हणून प्रत्येक साबणामागे त्याचीच काळजी वाहणारा एक माणूस हवा, अशी त्याची मागणी होती. हाच मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. साबण गेला, सॉफ्टवेअर आलं, पण एका वस्तूची सारी जबाबदारी एका माणसाच्या डोक्यावर, ही रचना राहिली.

तर मग ज्या व्यवसायाचं मुख्य काम निवडणं हे आहे, त्यातल्या माणसांच्या रेझ्युमेत निवड कुठेच का दिसत नाही? कारण साधं आहे. वर्षभर टीमचं काम यादीच्या रूपातच डोळ्यांसमोर असतं. अमुक तिकीट संपलं, तमुक रिलीज झालं, पुढच्या तिमाहीच्या रोडमॅपवर सात गोष्टी. वर्षाअखेरच्या मूल्यमापनातही ‘या वर्षी काय काय दिलं’ असाच प्रश्न असतो. रेझ्युमे लिहायला बसल्यावर हीच यादी उतरवली जाते. काय केलं नाही, याची नोंद कुठल्याच यादीत नसते. आणि नेमकी तीच नोकरी देणाऱ्याला हवी असते.

हे कसं लिहायचं, ते एका कल्पित पण रोजच्या ओळखीच्या उदाहरणातून उलगडून पाहू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत.

साड्या आणि कुर्ते विकणारं एक ॲप आहे असं धरू. निम्म्याहून जास्त ग्राहक ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणजे सीओडी घेतात: माल दारात आल्यावर पैसे. ऑनलाइन विक्रीवाल्यांची यातली जुनी डोकेदुखी म्हणजे न स्वीकारलेलं पार्सल. कुणी दार उघडत नाही, कुणी ‘मी मागवलंच नाही’ म्हणतं, कुणाला तोवर तीच साडी गावातल्या दुकानात मिळालेली असते. पार्सल आल्या पावली गोदामात परत जातं. या धंद्यात त्याला ‘आरटीओ’ म्हणतात. गाड्यांच्या आरटीओशी त्याचा काही संबंध नाही. जाण्याचा खर्च होतो, येण्याचाही होतो आणि हाती छदाम येत नाही.

समजा, दर हजार सीओडी ऑर्डरींमागे ७२० पार्सलं स्वीकारली जातात आणि २८० परत येतात. स्वीकारलेल्या पार्सलामागे कंपनीला २०० रुपये सुटतात, परत आलेल्यामागे १४० रुपये जातात. म्हणजे कमाई १,४४,००० रुपये, परतीचा भुर्दंड ३९,२०० रुपये, आणि हाती राहतात १,०४,८०० रुपये.

हे काम एका प्रॉडक्ट मॅनेजरकडे आलं. तिच्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, सीओडीच बंद करणं. लेखा विभागाला हीच हवी होती, कारण परत येणारी पार्सलं एका दिवसात थांबली असती. पण एका छोट्या भागात करून पाहिलं, तर आगाऊ पैसे भरायला लोक तयार होईनात. हजारामागे जेमतेम ४५० ऑर्डरी उरल्या. हाती ९०,००० रुपये, म्हणजे भुर्दंड भरत होतो तेव्हापेक्षाही कमी. दुसरी वाट, सगळ्यांवर सरसकट ५० रुपये सीओडी शुल्क लावणं. यात त्रास उरफाटा होतो: वर्षानुवर्षं नेमाने पार्सल घेणारी बाई शुल्क भरते, आणि न घेणारा तर दारच उघडत नाही, तेव्हा त्याच्याकडून वसूल काय करणार? तिसरी वाट सगळ्यांत कंटाळवाणी दिसत होती. जे ग्राहक पहिल्यांदाच मागवत आहेत किंवा ज्यांनी आधी पार्सल नाकारलं आहे, अशांची ऑर्डर माल निघण्याआधी पक्की करून घ्यायची. आधी मेसेज, उत्तर आलं नाही तर फोन. हजारांत असे ४०० निघतात, आणि एकामागे सरासरी ५ रुपये खर्च.

तिने तिसरी वाट धरली. मात्र सगळीकडे एकदम नाही. शेवटचा आकडा सम असलेल्या पिनकोडांवर नवी पद्धत, विषम पिनकोडांवर जुनीच, आणि हे सहा आठवडे. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे. नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ पाहिलं असतं, तर मध्ये दिवाळीचा सेल आला असता आणि सगळाच हिशेब बिघडला असता, कारण सेलमध्ये हौसेने मागवलेली पार्सलं जास्त परत येतात. सेल ओसरल्यावर आकडा आपोआप सुधारतो आणि श्रेय नव्या पद्धतीला जातं. दोन्ही पद्धती एकाच काळात शेजारीशेजारी चालल्या, की हा घोळ टळतो.

सहा आठवड्यांनी सम पिनकोडांवर चित्र असं दिसलं. हजारांतल्या १४० ऑर्डरी पक्क्याच झाल्या नाहीत, म्हणून त्या निघाल्या नाहीत. निघालेल्या ८६० पैकी ७०० स्वीकारल्या गेल्या, १६० परत आल्या. विषम बाजूला नेहमीप्रमाणे ७२० आणि २८०.

हिशेब मांडू. कमाई ७०० गुणिले २०० म्हणजे १,४०,००० रुपये. परतीचा भुर्दंड १६० गुणिले १४० म्हणजे २२,४०० रुपये. फोन-मेसेजचे २,००० रुपये. हाती राहिले १,१५,६००. आधीपेक्षा १०,८०० रुपयांनी, म्हणजे सुमारे १० टक्क्यांनी जास्त.

आता त्या २० ऑर्डरींकडे पाहा. जुन्या पद्धतीत ७२० जणांना माल मिळत होता, नव्या पद्धतीत ७०० जणांना मिळाला. हे २० जण खरे ग्राहक होते. कुणाचा फोन शेतात लागला नसेल, कुणी अनोळखी नंबर उचलत नसेल. त्यांनी पार्सल घेतलं असतं, पण ते निघालंच नाही. विक्रीप्रमुखाला दिसतो तो याहून भीतिदायक आकडा: पाठवलेल्या ऑर्डरी १४ टक्क्यांनी घसरल्या. सोमवारच्या बैठकीत तो हाच आकडा टेबलावर आपटणार. निर्णयाचा कस लागतो तो इथे, आणि बहुतेक रेझ्युमे गप्प होतात तेही इथेच.

फीचरच्या भाषेत ही गोष्ट अशी लिहिली जाते: ‘सीओडी व्हेरिफिकेशन मोड्यूल, ऑटो-मेसेज आणि कॉल सेंटर डॅशबोर्ड लाँच केले.’ जरा शहाणा उमेदवार आकडा जोडतो: ‘आरटीओ ३४ टक्क्यांनी कमी केला.’ गणित चूक नाही. निघालेल्या मालात परतीचं प्रमाण २८ ऐवजी १८.६ टक्के झालं, म्हणजे सुमारे एक तृतीयांश घट. पण हा आकडा सीओडी बंद करूनही मिळवता आला असता, तोही शंभर टक्के! वीस ग्राहकांची किंमत लपवली, की चांगला निर्णय आणि वाईट निर्णय कागदावर सारखेच दिसतात.

निर्णयाच्या भाषेत तोच सारांश असा होईल: ‘नव्या आणि आधी पार्सल नाकारलेल्या ग्राहकांच्या सीओडी ऑर्डरी माल निघण्याआधी पक्क्या करून घेण्याचा निर्णय घेतला. सीओडी बंद करणं आणि सरसकट शुल्क हे पर्याय चाचणी व हिशेबानंतर सोडले. निम्म्या पिनकोडांवर सहा आठवडे: परतीचं प्रमाण २८ टक्क्यांऐवजी १९ टक्क्यांच्या आत, स्वीकारलेल्या ऑर्डरींत सुमारे ३ टक्के घट, दर हजार ऑर्डरींमागचा नफा १० टक्क्यांनी जास्त.’

रेझ्युमे बहुधा इंग्रजीत लिहिला जातो, तिथेही हे चार ओळींत मावतं. मोड्यूल, डॅशबोर्ड यांचं नावही आलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. ‘सुमारे ३ टक्के घट’ हे शब्द मात्र लिहिताना हात थरथरतो. आपल्या हाताने आपलंच नुकसान कशाला लिहायचं, असं वाटतं. अनुभवी मुलाखतकार नेमक्या याच शब्दांपाशी थांबतो, कारण पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो: ते तीन टक्के परत मिळवायला काय केलं? ज्याने काम खरंच केलं आहे त्याच्याकडे उत्तर असतं. फोनची वेळ दुपारऐवजी संध्याकाळी सातची केली, किंवा मेसेज इंग्रजीऐवजी ग्राहकाच्या भाषेत पाठवला, किंवा काहीच केलं नाही कारण तेवढ्यात दुसरं काम गळ्यात पडलं. तिसरं उत्तरही चालतं.

ज्याने नुसती यादी लिहिली आहे, त्याला मुलाखतीत चारच प्रश्न पुरतात. आणखी काय करता आलं असतं? ते का नाही केलं? याने कुणाचं नुकसान झालं? आणि आकडा तुमच्यामुळेच बदलला हे कशावरून? दुसऱ्या प्रश्नावर ‘वरून तसं सांगितलं होतं’ असं उत्तर आलं, तर निर्णय दुसऱ्याचा होता हे उघड होतं. त्यात लाज नाही. नव्या माणसाला निर्णय घ्यायला मिळतोच असं नाही. पण मग सारांशातही तसंच असावं: पर्यायांचा हिशेब मांडला, चाचणी चालवली, निर्णय वरिष्ठांचा. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची सरमिसळ रेझ्युमेतला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लवकर पकडला जाणारा खोटेपणा आहे. माजी सहकाऱ्याला एक फोन केला, की पुरतं.

दुसरा सापळा टक्क्यांचा. ‘वापर २०० टक्क्यांनी वाढवला’ हे ऐकायला दणदणीत वाटतं, पण दहा माणसांची तीस झाली तरी ते खरंच ठरतं. कशाचे टक्के, किती काळात आणि कशाच्या तुलनेत, या तिन्ही गोष्टी नसतील तर आकड्याला काही वजन नाही.

आकडा आपल्या बाजूने लागणार की नाही हे ठाऊक नसतानाच काय बिघडू शकतं ते लिहून ठेवणं, हे या कामातलं सगळ्यात दुर्मीळ वळण. त्याचा एक चांगला नमुना ट्विटरने सगळ्यांसमोर मांडला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजर अलिझा रोझेन आणि एका इंजिनिअर सहकाऱ्याने जाहीर केलं, की १४० अक्षरांची मर्यादा काही जणांसाठी २८० करून पाहत आहोत. कारण दिलं ते आकड्यांत: इंग्रजीतले ९ टक्के ट्वीट मर्यादेला जाऊन भिडतात, जपानीत जेमतेम ०.४ टक्के, कारण जपानीत एका अक्षरात बरंच काही सांगून होतं. म्हणून जपानी, चिनी आणि कोरियन भाषांना वाढ दिली नाही. मर्यादा वाढवली की लोक लांबण लावतील आणि ट्विटरचा थोडक्यात बोलण्याचा गुणच जाईल, ही धास्ती तर अनेकांना होती. नोव्हेंबरमध्ये निकाल आला, तोही या धास्तीलाच उत्तर देणारा. चाचणीतल्या लोकांच्या ट्वीटपैकी फक्त ५ टक्के १४० च्या वर गेले, २ टक्के १९० च्या वर. आणि मर्यादेला भिडणारे ९ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. ‘किती जणांना आवडलं’ यापेक्षा ‘ज्याची भीती होती ते झालं का’ याचं उत्तर त्यात जास्त ठळक होतं. (मराठीलाही २८० मिळाले, पण तिथे काना-मात्रा वेगळे मोजले जातात. ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द तिथे पाच भरतो. हा मुद्दा कुणा मराठी प्रॉडक्ट मॅनेजरने त्या खोलीत मांडला असता तर बहार आली असती.)

यश न मिळालेल्या कामाचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. बहुतेक जण ते गाळतात. वरच्या उदाहरणात सीओडी बंद करण्याची छोटी चाचणी फसली होती, आणि तिच्यामुळेच लेखा विभागाचा हट्ट मागे पडला. ते काम सारांशात ‘सोडलेला पर्याय’ म्हणून आलं आणि निर्णयाचा आधार बनलं. पण पूर्ण प्रॉडक्टच पडलं असेल तर? तेव्हा सारांशात एकच ओळ पुरे: कशावर पैज लावली, कोणत्या आकड्यावरून ती चुकल्याचं कळलं आणि किती लवकर थांबवलं. वर्षभर चालू ठेवून बुडवलेल्या कामापेक्षा सहा आठवड्यांत बंद केलेलं काम नोकरी देणाऱ्याला जास्त सांगून जातं.

सारांशाला एक मर्यादाही आहे, तीही लक्षात घ्यायला हवी. सगळे निर्णय असे आकड्यांत मावत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये फसवणूक टाळण्यासाठी लावलेली अट किती माणसांना वाचवून गेली, ते नेमकं मोजता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमासाठी केलेल्या बदलात पर्याय नसतोच. तिथे फार तर तो कसा आणि कोणत्या क्रमाने लागू केला, एवढीच निवड असते. अशा कामाला ओढूनताणून टक्का चिकटवला, की तो कृत्रिम दिसतोच. तिथे साध्या शब्दांत ‘वापरणाऱ्यांची एक पायरी वाढली हे मान्य करून अट ठेवली’ असं लिहिलेलं बरं.

राहता राहिला गोपनीयतेचा प्रश्न. कंपनीचा नफा, ऑर्डरींची संख्या, ग्राहकांची माहिती हे सगळं कंपनीच्या मालकीचं असतं, आणि नोकरीच्या करारात तसं लिहिलेलंही असतं. म्हणून मूळ रक्कम न देता प्रमाण द्यायचं: ‘दर हजारामागे’, ‘सुमारे एक तृतीयांश’, ‘चाचणीतल्या निम्म्या भागात’. प्रमाणही उघड करायला मनाई असेल, तर आकडा गाळून दिशा आणि किंमत लिहायची. परती घटल्या, थोडे ग्राहक गेले, एकूण फायदा झाला. आकड्याविनाही निवड दिसते. निवडीविना मात्र आकडा मुका राहतो.

ज्यांना असा सारांश लिहायचा आहे, त्यांनी तो नोकरी सोडायच्या आठवड्यात लिहायला बसू नये. तोवर सोडलेले पर्याय आठवत नाहीत, बैठकीत कोण का अडलं होतं ते पुसट झालेलं असतं, आणि राजीनाम्यानंतर डॅशबोर्डही उघडत नाही. निर्णय झाला त्या संध्याकाळीच एका साध्या वहीत तारीख, पर्याय, निवड आणि धास्ती अशा चार ओळी लिहून ठेवाव्यात. त्यात कंपनीचे आकडे उतरवू नयेत. निघण्याआधी वरिष्ठांना सरळ विचारावं, की यातलं कोणतं प्रमाण मी रेझ्युमेत लिहिलं तर चालेल. बहुतेक वरिष्ठ एखाददुसरं नक्कीच लिहू देतात.